निसटलेला स्लिपरचा पट्टा: सेफ्टी पिन की झाकणाची चकती?

परवा पावसात ठाणे स्टेशनच्या जिन्यावर माझ्या रबरी स्लिपरचा अंगठ्याकडचा पट्टा तळातून निघाला. बटण शाबूत होतं, भोक मात्र सैल झालं होतं. अशा वेळी बटण नुसतं परत दाबून बसवलं, तर दहा पावलांत पुन्हा वर येतं.

शेजारच्या काकूंनी लगेच सेफ्टी पिन काढून दिली. तळाखाली, बटणाच्या वर, देठात ती आडवी खुपसायची. घरी पोचण्यापुरतं हे उत्तम. पण सगळा ताण त्या बारीक तारेवर येतो, ती रबर कापत जाते आणि एक दिवस देठच तुटतो. शिवाय पिन उघडली तर पायात घुसते, त्यामुळे पोरांच्या चपलेला मी ती कधीच लावणार नाही.

घरी आल्यावर आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणातून पाच रुपयांच्या नाण्याएवढी चकती कापली. मधोमध देठाच्या जाडीचं भोक आणि कडेपासून भोकापर्यंत एक चीर. देठाला साबणाचं पाणी लावून बटण वरून भोकात घातलं आणि खालून ओढून घेतलं, बटण खाली दाबून धरलं आणि तळ व बटण यांच्यामध्ये चकती सरकवली. चीर बाजूला ठेवायची, कारण चालताना ओढ पुढे-मागे बसते. आता ताण रुंद चकतीवर पसरतो, बटण भोकातून वर येत नाही.

देठ वाकवून बघा. भेग दिसली, तर चकतीही टिकणार नाही. नवा पट्टाच घाला.