भजनाच्या पुस्तकाला ग्लॉस, मॅट की व्हेल्व्हेट? आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या कोथरूडच्या महिला भजनी मंडळाचं भजनसंग्रहाचं पुस्तक गुढीपाडव्याला छापून आलं. खिशात नाही पण पर्समध्ये मावेल असा आकार, 144 पानं, कण्याला गरम गोंद लावून केलेलं परफेक्ट बाइंडिंग, 300 जीएसएम आर्टकार्डचं कव्हर, त्यावर पूर्ण गडद मरून रंग आणि मधे फिकट पिवळ्या अक्षरात नाव. छपाईचं सगळं माझ्याकडे होतं. कव्हरला कोणतं लॅमिनेशन करायचं यावर मंडळात एकमत होईना, म्हणून नारायण पेठेतल्या छापखान्यात मी एक गोष्ट मागितली. कव्हरची छपाई एकत्रच होऊ द्या, आणि लॅमिनेशनच्या आधी कागदांचे तीन गठ्ठे करा. 600 प्रतींपैकी 250 ग्लॉस, 250 मॅट आणि 100 व्हेल्व्हेट. छपाई, शाई, कागद, बाइंडिंग सगळं एकच आणि फरक फक्त वरच्या फिल्मचा, त्यामुळे आज तुलना करता येते आहे.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी व्हेल्व्हेटच उचललं. हाताला मोरपिसासारखं लागतं, आणि मरून रंग त्यावर खानदानी दिसतो. मॅटवर तोच मरून थोडा राखाडी वाटत होता, कारण मॅट फिल्मचा पृष्ठभाग बारीक खडबडीत असतो. त्यावरून प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि गडद रंगाचा काळसरपणा कमी होतो. ग्लॉसवर रंग सगळ्यात खोल, पण ट्यूबलाइटखाली चकाकत होता. काही जणींना ते लग्नपत्रिकेसारखं वाटलं.

आमचं पुस्तक कपाटात राहणारं नाही. आठवड्यातून दोन दिवस सराव, श्रावणात रोज कुठे ना कुठे कार्यक्रम, नवरात्रात दिवसाला दोन. ते टाळांसोबत एकाच कापडी पिशवीत जातं. हळदीकुंकवाचे हात लागतात, समईच्या तेलाचे लागतात. एक वहिनी तर आषाढी वारीत पुण्याहून सासवडपर्यंत पालखीबरोबर चालल्या, तेव्हा दिवे घाटात पुस्तक त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत होतं आणि पिशवी भिजली.

कोजागिरीला मी रोज वापरातल्या 31 प्रती मागवून घेतल्या. 12 ग्लॉस, 12 मॅट, 7 व्हेल्व्हेट. खिडकीजवळ सतरंजीवर मांडून एकेक प्रत प्रकाशात तिरकी धरून पाहिली. समोरून पाहिलं तर निम्मं कळत नाही. तिरक्या उजेडातच घासल्याच्या खुणा दिसतात.

व्हेल्व्हेटच्या सातही प्रतींवर अंगठा पडतो तिथे, खालच्या उजव्या कोपऱ्यात, तुकतुकीत डाग होता. टाळाच्या काठाने उमटलेल्या चमकदार रेघा कव्हरभर होत्या. मॅटवरही रेघा होत्या, पण कमी, आणि अंगठ्याचा डाग फक्त चार प्रतींवर. ग्लॉसवर बारीक ओरखडे खूप होते, मोजले तर मॅटपेक्षा जास्तच असतील, पण रंग कुठेच बदललेला नव्हता. दोन हात अंतरावरून पाहिलं तर ग्लॉसच्या प्रती जवळजवळ नव्या वाटत होत्या आणि व्हेल्व्हेटच्या सगळ्यात जुन्या.

याचं कारण मला लॅमिनेशनच्या मशीनवरच्या काकांनी समजावलं. "ताई, मॅट म्हणजे बारीक बारीक उंचवटे. ते घासून सपाट झाले की तेवढी जागा ग्लॉस होते. आणि सपाट झालेलं परत उभं राहत नाही." म्हणजे मॅटवरची ती चमकदार रेघ हा वर चिकटलेला डाग नाही, फिल्मच दबलेली आहे. पुसून ती जाणार नाही. व्हेल्व्हेटचा थर आणखी मऊ, म्हणून तो आधी दबतो. गडद एकरंगी कव्हरवर ही चमक ठळक दिसते, कारण भोवतालचा भाग प्रकाश विखुरतो आणि रेघ आरशासारखा परत फेकते. फिकट रंगावर तीच रेघ शोधावी लागते. चूक मॅटची कमी आणि माझ्या मरून रंगाची जास्त होती, हे मला तेव्हा कळलं.

तेलाचं वेगळं आहे. मॅटवर तेलाचे हात लागले की तेल त्या खाचांमध्ये भरतं आणि काळपट ठसा उठतो. हा मात्र बराचसा निघतो. भांड्याच्या साबणाचा एक थेंब पाण्यात, त्यात बुडवून घट्ट पिळलेलं सुती फडकं, हलक्या हाताने, आणि लगेच कोरड्याने. जोर लावून घासलं तर ठसा जातो आणि त्या जागी चमक येते. हळदीचा पिवळेपणा मॅटवर थोडा राहिलाच. ग्लॉसवरून हळद, कुंकू, तेल सगळं ओल्या फडक्याने एका फेरीत गेलं.

मग ग्लॉस सरळ जिंकलं का? मांडीवर रेशमी साडी असली की ग्लॉसचं पुस्तक घसरतं, ही तक्रार वयस्कर बायकांकडून सतत आली. दोन्ही हातात टाळ आणि पुस्तक मांडीवर, अशा वेळी अभंगाच्या मध्येच पुस्तक जमिनीवर. मॅट मांडीवर बसून राहतं. कार्यक्रमाला 40 प्रतींचा गठ्ठा नेताना ग्लॉसचा गठ्ठा रिक्षात सरकतो, त्याला सुतळी बांधावीच लागते. ज्यांना हे रोज सोसायचं आहे त्यांच्यासाठी या गोष्टी लहान नाहीत.

आता पावसाळ्यातली गोष्ट, कारण तिच्यावरून आमच्यात सर्वात जास्त गैरसमज झाला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कव्हरं बाहेरच्या बाजूला वळायला लागली. पुस्तक टेबलावर ठेवलं की वरचं कव्हर आपोआप उघडं पडायचं. लगेच बोलणं सुरू झालं, मॅटमुळे झालं, मॅट नकोच होतं. मी तिन्ही प्रकार शेजारी ठेवून पाहिले तर तिन्ही सारखेच वळलेले. कारण असं की प्लॅस्टिकची फिल्म कव्हरच्या फक्त बाहेरच्या बाजूला आहे आणि तिच्यातून दमट हवा आत शिरत नाही. कव्हरची आतली बाजू उघडी आर्टकार्ड आहे, ती ओल पिते आणि फुगते. आतली बाजू पसरली, बाहेरची जागच्या जागी राहिली, म्हणून कव्हर फिल्मच्या दिशेने वळलं. हवा कोरडी झाल्यावर बरंचसं आपोआप बसलं. पावसात आम्ही पुस्तकं उभी न ठेवता आडवी रचून वर पाट ठेवला, तेवढ्याने पुष्कळ फरक पडला.

मी विचारलं की मग आतूनही लॅमिनेशन करून टाकू का, दोन्ही बाजू सारख्या होतील. काका म्हणाले, करा, पण कणा सुटेल. परफेक्ट बाइंडिंगमध्ये गरम गोंद कव्हरच्या आतल्या बाजूला, कण्यावर चिकटतो, आणि तो कागद धरतो, गुळगुळीत फिल्म नीट धरत नाही. आत फिल्म लावायची तर कण्याची पट्टी मोकळी सोडावी लागते, आणि छोट्या कामाला ते कुणी करत नाही. आमच्या कामात तरी मी आत फिल्म घेतली नाही.

भिजलेल्या प्रतीकडे येते. दिवे घाटातून आलेली ती प्रत मॅटची होती. कव्हरचा वरचा पृष्ठभाग ठीक होता, पण खालच्या कोपऱ्यात फिल्म आणि कागद नखाएवढे सुटले. पाणी फिल्मवरून आत जात नाही, कापलेल्या कडेतून जातं. कड हीच कुठल्याही लॅमिनेशनची कच्ची बाजू. त्या वहिनींनी सुटलेली फिल्म ओढायची घाई केली असती तर मरून शाई तिच्याबरोबर निघून आली असती. आम्ही प्रत वाळवली, कोपऱ्याला फेव्हिकॉलचं बोट लावून वजनाखाली ठेवलं, आणि ती आजही चालते आहे.

आणखी एक दोष 600 पैकी साधारण 30 प्रतींत निघाला, तो वापरातला नव्हे, छापखान्यातला. गडद भागावर राखाडी, चंदेरी ठिपक्यांचा पट्टा. शाई पुरती वाळायच्या आत किंवा कागद एकमेकांना चिकटू नयेत म्हणून तिच्यावर मारलेली पावडर न पुसता फिल्म चढवली की खाली हवेचे बारीक कण अडकतात. मशीनवर त्याला सिल्व्हरिंग म्हणतात. थर्मल फिल्मला मागून गोंद लावलेलाच असतो, तो सुमारे 100 अंश सेल्सिअसला रोलरवर वितळून चिकटतो. उष्णता किंवा दाब कमी पडला तरी असंच होतं. आम्हाला घाई होती, मीच तगादा लावला होता, तरी वाळवण्याचा वेळ छापखान्याने ठामपणे सांगायला हवा होता. ज्या प्रतींवर असे ठिपके होते त्यांच्याच कडा आधी सुटल्या. म्हणून प्रत ताब्यात घेताना गडद भाग उजेडात तिरका धरून पाहा, आणि चिकटपट्टी कडेला दाबून झटक्यात ओढून बघा. फिल्म किंवा शाई पट्टीबरोबर आली तर तो गठ्ठा परत द्या.

नावाच्या अक्षरांवर स्पॉट यूव्ही करायचा मोह आम्ही व्हेल्व्हेटच्या 100 प्रतींवर पूर्ण केला होता. तो वार्निशचा थर अक्षरांपुरता चमकतो. 7 पैकी 3 प्रतींत नखाने पापुद्रा निघत होता. यूव्हीसाठी फिल्म वरून ट्रीट केलेली हवी, नाहीतर थर धरत नाही. हा प्रश्न छपाईच्या आधी विचारायचा असतो, आम्ही विचारला नाही. नाव कण्यापासून लांब ठेवलं हे बरं झालं, नाहीतर उघडझाप होते त्या घडीवर तो थर तडकलाच असता.

त्या घडीबद्दल समाधान आहे. कण्यापासून 7 मिलिमीटरवर कव्हरला दोन्ही बाजूंनी दाबरेघ घेतली होती, ज्याला बाइंडर क्रीझ म्हणतात. त्यामुळे पुस्तक त्या रेघेवरच उघडतं आणि गोंदाच्या कडेवर ताण येत नाही. 31 प्रतींपैकी एकाचंही कव्हर कण्यापासून फाटलेलं नाही, आणि घडीवरचा मरून रंग फुटून पांढरं दिसलेलं नाही. हे तिन्ही फिनिशना लागू होतं.

आता दुसरी आवृत्ती 400 प्रतींची. छापखान्याने ओरखडे न पडणाऱ्या मॅटचा, स्कफ-फ्री म्हणतात त्याचा, नमुना दिला. मी दोन तुकडे समोरासमोर धरून 20 वेळा घासले, मग टाळाच्या काठाने एक रेघ मारली. साध्या मॅटवर रेघ लगेच उमटली, यावर फारच पुसट. पण 400 प्रतींसाठी छापखाना अख्खा रोल मागवायला तयार नाही, आणि त्याचं म्हणणं मला पटतं. म्हणून आम्ही ग्लॉस ठरवलं आहे, आणि कव्हरचा रंग बदलला आहे. एकरंगी मरूनऐवजी मरूनच्या मध्यम छटेवर क्रीम रंगाची वेलबुट्टी. छापखान्यातल्या दुसऱ्या एका कामाच्या वाया गेलेल्या, वेलबुट्टीच्याच छापील कागदावर ग्लॉस चढवून घेऊन त्यावर टाळ घासून पाहिला, ओरखडे नक्षीत मिसळून गेले. घसरण्याची तक्रार राहणार, त्यासाठी मंडळाने मांडीवर ठेवायला सुती रुमाल शिवायला घेतले आहेत. शाई वाळायला या वेळी पूर्ण दोन दिवस दिले आहेत, आणि 20 प्रती जास्त छापून त्या कपाटात न वापरता ठेवणार आहे, पुढच्या कोजागिरीला शेजारी ठेवून पाहायला.