आजींचा पहिला स्मार्ट टीव्ही: दिवाळी ते उन्हाळा

साताऱ्याच्या आजींकडे दिवाळीत ३२ इंची गूगल टीव्ही आला. डीटीएचचा बॉक्स जुनाच ठेवला. नात चिन्मयीनं तो HDMI 1 ला जोडला, वायफाय आणि अकाउंट टाकलं आणि टीव्ही सुरू झाला. चित्राबद्दल आजवर तक्रार नाही. अडलं ते दोन रिमोटांवर.

जुना टीव्ही लावला की थेट बातम्या दिसायच्या. हा चालू होताच ॲपच्या चौकटी दाखवतो. "अगं, माझं चॅनल कुठे गेलं?" आजींनी पहिल्याच सकाळी विचारलं. चिन्मयीनं Settings > System > Power and energy > Power on behavior इथं जाऊन Last used input निवडलं. (काही कंपन्यांत ही सोय दुसऱ्या नावानं असते.) मात्र रात्री यूट्यूब बघता बघता टीव्ही बंद केला, तर सकाळी पुन्हा चौकटीच दिसतात. म्हणून झोपण्याआधी चॅनलवर येऊन मगच बंद करायची सवय आजींनी लावून घेतली.

No Signal दिसलं की टीव्ही बिघडला असं वाटतं. बहुतेक वेळा टीव्ही चालू असतो आणि बॉक्स झोपलेला असतो, म्हणून आधी बॉक्सचा दिवा बघावा. बॉक्स चालू असूनही तेच दिसलं, तर इनपुट HDMI 1 आहे ना ते पाहावं आणि मग केबल घट्ट बसवावी.

आवाजाचा घोळ जास्त दिवस चालला. टीव्हीचा आवाज ६० वर, तरी ऐकू येईना. कारण बॉक्सचा आवाज कुणीतरी खाली आणला होता. दोन्हींचे आवाज वेगवेगळे असतात. बॉक्सचा कायम पूर्ण ठेवला आणि कमी-जास्त फक्त टीव्हीचा करायचं ठरवलं, तेव्हा प्रश्न मिटला.

सगळ्यात उपयोगी ठरलं ते बॉक्सच्या रिमोटला टीव्हीची बटणं शिकवणं. तुमच्या डीटीएच रिमोटवर ही सोय आहे का ते पुस्तिकेत पाहा. दोन्ही रिमोट समोरासमोर, दोन-तीन बोटं अंतरावर धरून चिन्मयीनं टीव्हीचं चालू-बंद आणि आवाज ही बटणं शिकवली. होम आणि यूट्यूबची बटणं मात्र शिकवता आली नाहीत. या टीव्हीच्या रिमोटवर ती ब्लूटूथनं चालतात आणि शिकणारा रिमोट फक्त इन्फ्रारेड ओळखतो. कुठलं बटण कशावर चालतं हे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून कळतं: रिमोटचं टोक कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, जांभळट ठिपका लुकलुकला, तर ते इन्फ्रारेड. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही, तर सेल्फी कॅमेरा वापरून बघा.

आता आजींच्या हातात रोज एकच रिमोट असतो. दुसरा फक्त यूट्यूबवरच्या कीर्तनापुरता निघतो. घरात डीटीएच राहणार असेल, तर टीव्ही घेताना दुकानातच त्याचा रिमोट हातात घ्या आणि इनपुटचं वेगळं बटण आहे का बघा. आमच्या आजींच्या रिमोटवर ते आहे. नसतं तर No Signal दिसल्यावर दर वेळी मेन्यूत शिरावं लागलं असतं.