मेट्रो २ए आणि शेअर रिक्षा: अंधेरी पश्चिम ते मालवणी, कित्येक महिन्यांच्या वापरानंतर

अंधेरी पश्चिम ते वळनई-मीठ चौकी मेट्रोने आणि तिथून मार्वे रोडने मालवणीपर्यंत शेअर रिक्षाने. उन्हाळा, पावसाळा आणि सणासुदीची गर्दी, या सगळ्यांत हा प्रवास करून पाहिल्यावर हे लिहितो आहे. मालवणीला स्वतःचं स्टेशन नाही. पूर्वी सगळ्यांचा रस्ता मालाड स्टेशनवरूनच जायचा. जानेवारी २०२३ मध्ये २ए मार्ग अंधेरी पश्चिमपर्यंत सुरू झाला आणि दुसरा पर्याय मिळाला. तो सगळ्यांना सोयीचा आहे असं नाही, म्हणून हिशेब नीट मांडतो.

आधी मेट्रोचं भाडं. २ए वर ३ किलोमीटरपर्यंत १० रुपये आणि त्यापुढे १२ किलोमीटरपर्यंत २० रुपये. अंधेरी पश्चिम ते वळनई ही सात थांब्यांची धाव या दुसऱ्या टप्प्यात बसते, म्हणजे एका बाजूचे २० रुपये आणि वेळ पंधरा मिनिटांच्या आसपास. रोज जाणाऱ्याने काउंटरवर क्यूआर तिकीट काढत बसू नये. मुंबई-१ कार्डावर कामाच्या दिवशी ५ टक्के सूट मिळते, पण खरा फायदा ३० दिवसांच्या फेऱ्यांच्या पासात आहे. ४५ फेऱ्यांवर १५ टक्के आणि ६० फेऱ्यांवर २० टक्के सूट आहे.

इथे बरेच जण मोठा पास घेऊन मोकळे होतात आणि पैसे वाया घालवतात. २० रुपयांच्या भाड्यावर ४५ फेऱ्यांचा पास ७६५ रुपयांना पडतो आणि ६० फेऱ्यांचा ९६० रुपयांना. पाच दिवसांचा आठवडा असेल तर महिन्यात ४४ च्या आसपास फेऱ्या होतात, त्यांना ४५ चा पास अगदी बरोबर बसतो. सहा दिवसांचा आठवडा असेल तर ५२ फेऱ्या होतात. तरीही ४५ चा पास घेऊन उरलेल्या ७ फेऱ्या कार्डावर १९ रुपयांनी केल्या तर एकूण ८९८ रुपये लागतात, म्हणजे मोठ्या पासापेक्षा ६२ रुपये कमी. ६० चा पास रविवारीही याच मार्गाने फिरणाऱ्यालाच परवडतो. दिवाळी किंवा गणपतीच्या सुट्ट्या पासाच्या तीस दिवसांत येत असतील तर त्या महिन्यात पास न घेता कार्डच वापरावं, कारण उरलेल्या फेऱ्या मुदतीनंतर कामाच्या राहत नाहीत.

मेट्रोचा भाग इतका सरळ आहे. अडचण सुरू होते ती मीठ चौकीला जिना उतरल्यावर.

मालवणीच्या शेअर रिक्षा मुळात मालाड स्टेशनच्या स्टँडवर भरतात. संध्याकाळी तिथे रांग असते, तीन सीट भरल्या की रिक्षा सुटते आणि मार्वे रोडने थेट मालवणीकडे जाते. मीठ चौकी या धावेच्या मधोमध लागते. त्यामुळे मेट्रोतून उतरलेला माणूस ज्या रिक्षांना हात करतो, त्यांतल्या बहुतेक आधीच भरलेल्या असतात. रिक्षावाला थांबत नाही म्हणून चिडण्यात अर्थ नाही, त्याच्याकडे जागाच नसते. जागा होते ती कुणीतरी चौकात उतरल्यावरच. स्टेशनकडून येऊन लिंक रोडला, एव्हरशाईन नगरकडे किंवा मॉलच्या दिशेला जाणारे लोक इथे उतरतात. म्हणून चौक ओलांडून मालवणीच्या बाजूला उभं राहण्यापेक्षा ते ज्या ठिकाणी उतरतात तिथे उभं राहावं. चौक पार करून पुढे आलेली रिक्षा एकतर भरलेली असते, नाहीतर रिकामी झालेली सीट अलीकडच्या माणसाने घेतलेली असते. हा फरक पन्नास पावलांचा, पण संध्याकाळी सात-साडेसातला त्याच्यावर दहा मिनिटं ठरतात. चौकातच भरणाऱ्या रिक्षा दिसल्या तर तिकडे आधी जावं. मालवणीतल्या वस्त्या गेट नंबरने ओळखल्या जातात, त्यामुळे त्यांच्याजवळ उभे असलेले लोक कुठल्या गेटचे आहेत ते विचारलं की रिक्षा किती वेळात सुटेल याचा अंदाज येतो.

सकाळी गणित उलटं होतं आणि सोपंही. मालवणीत रिक्षा सुरुवातीच्या ठिकाणीच भरते, त्यामुळे सीट लगेच मिळते. बसण्याआधी ‘मीठ चौकी’ असं स्पष्ट सांगावं, कारण सगळे स्टेशनचेच असतील असं गृहीत धरलं जातं. डाव्या कडेची सीट घ्यावी. उजवी बाजू बंद असते, त्यामुळे मध्ये किंवा उजवीकडे बसलं तर भर सिग्नलला एका-दोघांना उतरवून बाहेर पडावं लागतं. लिंक रोडच्या सिग्नलआधी गाड्यांची रांग मागेपर्यंत आली की तिथेच पैसे देऊन उतरावं आणि उरलेलं अंतर चालावं. रांगेत बसून राहिलेली रिक्षा चालणाऱ्याच्या मागे पडते, हे कुठल्याही सोमवारी सकाळी दिसतं.

आता रिक्षाचे पैसे. हिशेबासाठी सीटमागे २० रुपये धरले आहेत. कोणत्या गेटपर्यंत जायचं त्याप्रमाणे पाचेक रुपये खालीवर होतात, म्हणून बसतानाच विचारावं. मीटरशी तुलना केल्याशिवाय हे वीस रुपये महाग की स्वस्त ते कळत नाही. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत रिक्षाचं किमान भाडं पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आहे आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. मीठ चौकी ते आतल्या गेटांपर्यंत अडीच किलोमीटर धरले तर मीटर ४३ रुपयांच्या आसपास येतो, शिवाय रिक्षा कोंडीत थांबली तर थोडा जास्त. एकट्यासाठी शेअर निम्म्याहून स्वस्त. दोघं असाल तर मीटरने माणशी साडेएकवीस, म्हणजे शेअरच्या बरोबरीला, आणि रिक्षा तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत येते. तिघं असाल तर मीटरने माणशी १५ रुपयेही होत नाहीत.

हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. एकाच मेट्रोतून मालवणीचे अनेक लोक उतरतात आणि चौकात वेगवेगळे हात करत उभे राहतात. जिन्यावरच ‘गेट नंबर आठ?’ असं विचारून तिघं जमले तर मीटरची रिक्षा शेअरपेक्षा स्वस्त पडते आणि वाट पाहणंही वाचतं. रोज त्याच वेळच्या गाडीने येणाऱ्यांची तोंडओळख आठवड्याभरात होतेच. फक्त मीटर टाकायला आधी सांगावं आणि पैसे एकानेच द्यावेत, बाकीच्यांनी त्याला यूपीआय करावं. शेअरमध्ये मात्र सुटे दहा-वीस रुपये हातात असलेले बरे. मागून हॉर्न वाजत असताना क्यूआर स्कॅन करत राहिलं की रिक्षावाला आणि उरलेले दोघे, सगळेच खोळंबतात.

चौथी सीट घेऊ नये. ड्रायव्हरच्या शेजारी अर्धवट टेकून बसवतात ती. रिक्षाचा परवाना तीनच प्रवाशांचा असतो. त्या जागी बसलेल्याला धरायला हँडलच्या दांडीशिवाय काही नसतं, आणि ड्रायव्हरचा हात मोकळा फिरत नाही. मार्वे रोडवर खड्डा चुकवताना हा धोका लगेच कळतो. चौथा बसला म्हणून भाडंही कुणाचं कमी होत नाही.

पावसात ही सगळी व्यवस्था ढासळते. जोराची सर आली की काही रिक्षा शेअर सोडून ‘स्पेशल’ मागू लागतात, म्हणजे पूर्ण रिक्षा आणि ठोक रक्कम. उभं राहायला आडोसा कमी, आणि रिक्षात कडेला बसलेल्याचा गुडघा पडदा असूनही भिजतो. अशा दिवशी बेस्टची बस हाच शहाणपणाचा मार्ग आहे. ९ मे २०२५ पासून ५ किलोमीटरपर्यंत साध्या बसचं भाडं १० रुपये आणि एसीचं १२ रुपये आहे, आणि मालाड स्टेशनकडून मालवणी, मार्वे, मढकडे जाणाऱ्या बस याच रस्त्याने जातात. बसचा तोटा वेळेच्या अनिश्चिततेत आहे. कोंडी झाली की एकामागोमाग दोन येतात आणि मग बराच वेळ एकही येत नाही. स्टॉपवर गर्दी वाढलेली दिसली तर बस जवळ आलेली असते. स्टॉप रिकामा असेल तर नुकतीच गेली असं समजून रिक्षा बघावी.

पाच दिवसांच्या आठवड्यासाठी महिन्याचा हिशेब असा होतो. मेट्रो पास ७६५ आणि शेअर रिक्षाच्या ४४ फेऱ्यांचे ८८०, मिळून १,६४५ रुपये. रिक्षाऐवजी साधी बस धरली तर १,२०५. मेट्रो आणि एकट्याने मीटरची रिक्षा, तर २,६५० च्या वर. अंधेरी पश्चिमहून १० किलोमीटर सरळ रिक्षाने आलं तर एकाच फेरीचे १७२ रुपये होतात, म्हणजे हा पर्याय रोजचा नाहीच.

लोकल या सगळ्यांत स्वस्त आहे. अंधेरी ते मालाड सेकंड क्लासचं किमान भाडं ५ रुपये, आणि महिन्याचा पास काढला तर फेरीमागे त्याहूनही कमी पडतं. मग मेट्रोसाठी जास्त पैसे का द्यायचे? कारण मालाड स्टेशन ते मीठ चौकी हा मार्वे रोडचा तुकडा संध्याकाळी सर्वांत हळू सरकतो. स्टेशनबाहेरची गर्दी, एस. व्ही. रोडचा सिग्नल, फेरीवाले आणि रिक्षांची रांग, हे सगळं मेट्रोने येणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. स्टेशनवरून शेअरची सीटही लांबच्या अंतरामुळे महाग पडते, त्यामुळे लोकलच्या तिकिटात वाचलेले पैसे थोडे इथेही जातात. पण ज्याचं ऑफिस अंधेरी स्टेशनला लागून आहे आणि जो दुपारी चारच्या आत निघतो, त्याने लोकलच धरावी. तेव्हा मार्वे रोड मोकळा असतो आणि स्टँडवर बसायला निश्चित सीट मिळते. ऑफिस लिंक रोडच्या बाजूला असेल, किंवा घाटकोपरकडून मेट्रो १ ने डी. एन. नगरला येत असाल, तर मेट्रोच बरी. तिथे पादचारी पुलाने अंधेरी पश्चिमला जाता येतं. फक्त दोन्ही मार्गांचं भाडं वेगवेगळं लागतं, ते महिन्याच्या हिशेबात धरावं.

रात्रीचं वेगळं सांगायला हवं. मेट्रो रात्री अकरापर्यंत मिळते, पण साडेदहानंतर मीठ चौकीला शेअर रिक्षा विरळ होतात, कारण स्टेशनहून येणाऱ्या रिक्षांतून चौकात उतरणारेच कमी होतात. त्या वेळी जास्त वाट न पाहता मीटरची रिक्षा करावी. रात्री बारा ते पाच मीटरवर २५ टक्के जास्त लागतात, म्हणजे ४३ चे ५४ होतात. बाराच्या आत घर गाठलं तर ते वाचतात.