हाताच्या इसबासाठी मोमेटासोन मलम : पाच महिने आणि पाच ट्यूबनंतर

औषध : मोमेटासोन फ्युरोएट ०.१ टक्के, ऑइंटमेंट, १५ ग्रॅमची ट्यूब. जागा : दोन्ही हात, तळवे आणि मागची बाजू. त्रास : बोटांच्या पेरांवर भेगा, मागच्या बाजूला लालसर जाड चट्टे, रात्री खाज. कारण नेहमीचंच. दिवसातून तीन-चार वेळा भांडी, लिक्विड सोप, लसूण सोलणं आणि त्यात टँकरचं जड पाणी. पुण्याच्या कडेच्या सोसायट्यांत राहणाऱ्यांना या पाण्याची ओळख करून द्यायला नको. औषध त्वचारोगतज्ज्ञांनी लिहून दिलेलं होतं आणि वापर सप्टेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे २२ आठवडे झाला.

आधी मेडिकलच्या काउंटरवरची गोष्ट. याच नावाच्या ट्यूब शेजारी शेजारी असतात, फक्त नावापुढे एखादं अक्षर जास्त असतं. ते अक्षर म्हणजे सोबत अँटिबायोटिक, बुरशीचं औषध किंवा दोन्ही. साध्या इसबाला त्यांचा उपयोग नाही. उलट त्यातल्या निओमायसिनसारख्या घटकाची त्वचेला ॲलर्जी येऊ शकते, आणि मग इसब औषधानेच वाढतो. ट्यूबवरचं मोठं नाव सोडून खालची बारीक अक्षरं वाचावीत, एकच घटक दिसायला हवा. २०१८ पासून मोमेटासोन, क्लोबेटासॉलसारखी बरीच स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये आहेत, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय मिळायला नकोत. मिळतात, हा भाग वेगळा.

ताकदीबद्दल सगळ्यात मोठा गोंधळ टक्क्यांमुळे होतो. हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का हे सौम्य औषध आहे. मोमेटासोन ०.१ टक्का तीव्र गटात मोडतं, आणि क्लोबेटासॉल ०.०५ टक्के आकड्याने सगळ्यात लहान असूनही अतितीव्र असतं. टक्के एकाच औषधाच्या दोन ट्यूबची तुलना करायला ठीक, दोन वेगळ्या औषधांना ते लागू नाहीत. 'कमी टक्क्यांचं द्या' म्हणून क्लोबेटासॉल घरी घेऊन येणारे लोक आहेत, म्हणून हे सांगितलं.

हातासाठी तीव्र औषध का, याचं उत्तर तळव्याच्या कातडीत आहे. १९६७ मध्ये अमेरिकेत हायड्रोकॉर्टिसोन अंगाच्या वेगवेगळ्या भागांतून किती मुरतं हे मोजलं गेलं. कोपर ते मनगट या भागातून जेवढं मुरतं ते एक धरलं, तर कपाळातून सहापट, अंडकोशाच्या त्वचेतून ४२ पट आणि पायाच्या तळव्यातून साधारण सातवा हिस्सा. जाड कातडीवर सौम्य मलम लावणं म्हणजे बंद दारावर हळूच टकटक करणं. आणि हातावर चालणारं मलम पापणीवर, गालावर किंवा जांघेत लावणं हा त्याच आकड्यांचा उलटा अर्थ. कातडी पातळ होण्याचे जे खरे किस्से ऐकू येतात, ते बहुतेक या नाजूक जागांचे किंवा महिनोन् महिने रोज लावल्याचे असतात.

आता प्रमाण, कारण खरी चूक इथेच होते. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत, म्हणजे एक पेर भरून ट्यूबमधून काढलेली सलग रेघ अर्धा ग्रॅम धरतात. एवढ्यात दोन तळहातांएवढी जागा होते, म्हणजे एका हाताच्या दोन्ही बाजू. दोन हातांना दोन पेरं, म्हणजे रोज एक ग्रॅम. या हिशेबाने १५ ग्रॅमची ट्यूब १५ दिवसांत संपायला हवी. संपली नाही, तर औषध कमी पडतंय.

यात एक गोम आहे. अर्धा ग्रॅम हा हिशेब ५ मिलिमीटर तोंडाच्या ट्यूबचा आहे, आणि आपल्याकडच्या लहान ट्यूबचं तोंड त्याहून बारीक असू शकतं. उपाय सोपा आहे. पहिल्या ट्यूबमध्ये किती पेरं निघाली ते मोजायचं. ३० निघाली तर हिशेब बरोबर. ४५ निघाली तर प्रत्येक पेर ग्रॅमचा तिसरा हिस्सा आहे आणि दोन हातांना दोनऐवजी तीन पेरं लागतील. फ्रिजवर कागद चिकटवून रेघा मारल्या की झालं.

'स्टेरॉइड आहे, जपून लाव' म्हणणारं कुणी ना कुणी प्रत्येक घरात असतं. त्यामुळे मुगाच्या दाण्याएवढं मलम दोन्ही हातांना पुसलं जातं आणि एक ट्यूब चार महिने पुरते. काटकसर म्हणून छान, पण त्यात सूज पूर्ण विझत नाही. खाज थोडी कमी होते, दोन दिवसांनी परत येते, परत थोडं लावलं जातं. असं वर्षभर अर्धवट लावण्यात कातडी सतत स्टेरॉइडखाली राहते आणि इसबही जागेवर राहतो. जपायचे ते दिवस, रेघेची लांबी नव्हे.

वेळापत्रक असं होतं. पहिले चार आठवडे दिवसातून एकदा, रात्री शेवटची भांडी झाल्यावर. दोनदा लावण्याची गरज नाही, मोमेटासोनला एकदाच पुरतं, आणि दिवसा लावलेलं पुढच्या हात धुण्यात जातं. हात पुसून कोरडे करायचे, मलम फक्त चट्ट्यांवर पातळ पसरायचं आणि साधारण अर्ध्या तासाने बाकी हाताला साधं पेट्रोलियम जेली. दोन्ही एकदम लावलं तर मलम पातळ होतं आणि नको तिथे पसरतं. तोंडाला काही लावायचं असेल, लेन्स काढायच्या असतील, तर ते मलमाच्या आधी. हाताचं मलम रोज रात्री नकळत पापणीला लागत राहिलं तर डोळ्यातला दाब वाढण्याचा धोका असतो. वरून प्लॅस्टिकचे हातमोजे घालू नयेत. झाकल्यावर औषध कितीतरी जास्त मुरतं, आणि तो प्रकार फक्त डॉक्टरांनी सांगितला तरच करायचा.

खाज चौथ्या-पाचव्या दिवशी थांबली. इथेच बहुतेक जण मलम सोडतात. पण खाज थांबणं आणि इसब जाणं वेगळं. बोट फिरवल्यावर चट्टा अजून खरखरीत आणि उचललेला लागत होता. तो आसपासच्या कातडीइतका मऊ व्हायला चौथा आठवडा उजाडला. थांबायचं केव्हा हे डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त कळतं. भेगा मिटल्यानंतर राहिलेला काळपट डाग हा इसब नाही. तो आपल्या रंगाच्या त्वचेत काही महिने राहतो, त्याच्यावर मलम घासून उपयोग नाही.

पुढचे दोन आठवडे दिवसाआड, आणि मग आठवड्यातून दोनच दिवस, शनिवार-रविवार, सोळा आठवडे. हे दोन दिवस चट्टा नसतानाही जुन्या जागेवर लावायचे असतात. लोकांना हे पटत नाही, पण वारंवार उलटणाऱ्या इसबात वरून बरी दिसणारी कातडी आतून शांत झालेली नसते. मधल्या पाच दिवसांत फक्त जेली, आणि भांड्यांना आत सुती अस्तर असलेले रबरी हातमोजे. फराळाच्या आठवड्यात, साफसफाई आणि बेसनाच्या पिठात, इसब उलटला. तेव्हा सात दिवस रोज लावून पुन्हा शनिवार-रविवारवर आलं. हिशेब : २८ ग्रॅम, मग ७, मग ३२, आणि उलटल्याचे जादा ५. एकूण ७२ ग्रॅम, पाच ट्यूब.

कातडी पातळ झाली का? सुरुवातीला दोन्ही हातांच्या मागच्या बाजूचे फोटो खिडकीच्या उजेडात काढून ठेवले होते, आणि दर महिन्याला तिथेच परत काढले. पाहायचं ते असं : कातडीवरच्या बारीक रेषा पुसल्या जाऊन ती चकचकीत होते का, दोऱ्यासारख्या लाल रक्तवाहिन्या दिसतात का, जरा आपटल्यावर जांभळे डाग उठतात का, आसपासपेक्षा फिकट पट्टा पडतो का. यातलं काही दिसलं नाही. जाड चट्टा गेल्यावर खालची कातडी 'पातळ' वाटते, पण ती पातळ नसते, तीच मूळची असते. खरी पातळ झालेली वरची कातडी मलम थांबवल्यावर काही आठवड्यांनी बरीचशी भरून येते. स्ट्रेच मार्कसारखे वळ मात्र जात नाहीत, आणि ते काखेत, जांघेत, मांडीच्या आतल्या बाजूला येतात. म्हणून तिथे मोमेटासोन स्वतःच्या मनाने लावू नये. साठीपुढच्या माणसाच्या हातामागची कातडी उन्हाने मुळातच विरलेली असते. तिथे फोटो महिन्याला नव्हे, पंधरा दिवसांनी.

हे मलम कुणाला चालणार नाही, तेही सांगायला हवं. एकच तळवा कोरडा, रेषांमध्ये पांढरट कोंडा, आणि दोन्ही पायांच्या तळव्यांना तसंच असेल, तर ती बुरशी असण्याची शक्यता मोठी. खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की दहा-पंधरा मिनिटांत कळतं. बुरशीवर स्टेरॉइड लावलं की लाली आणि खाज दबते, कडा पुसट होतात आणि आत गजकर्ण पसरत राहतं. मग ते ओळखणंही अवघड होतं. चार आठवडे पूर्ण प्रमाणात लावूनही फरक नसेल, तर पाचवा आठवडा वाढवू नये. तेव्हा प्रश्न बुरशीचा, रोज हाताळल्या जाणाऱ्या एखाद्या वस्तूच्या ॲलर्जीचा किंवा क्वचित त्या मलमाच्याच ॲलर्जीचा असतो. नंतरच्या दोन्हींसाठी पॅच टेस्ट करतात.

तक्रार एकच : ऑइंटमेंट चिकट आहे, उशीच्या अभ्र्यांना डाग पडतात. क्रीम छान जिरतं, पण भेगांवर चुरचुरतं, म्हणून उघड्या भेगा असताना ऑइंटमेंटच बरं.

पाचव्या ट्यूबमध्ये तीन ग्रॅम उरलं आहे. ती देवघराच्या कपाटात कॉम्बिफ्लामशेजारी ठेवली असती, तर चार दिवसांत कुणाच्या तरी जांघेच्या खाजेवर किंवा मुलीच्या मुरमांवर गेली असती. तिच्यावर मार्करने 'फक्त हात' आणि उघडल्याची तारीख लिहून ती हातमोज्यांच्या खोक्यात ठेवली आहे.