रे ट्रेसिंग नाही म्हणून चांगलं कार्ड भंगारात: एक्स्चेंजवाल्यांपासून सांभाळा

माझ्या भाच्याकडे जीटीएक्स १०८० टीआय हे ग्राफिक्स कार्ड होतं. २०१७ चं कार्ड, पण ११ जीबी मेमरीचं. पंखा आवाज करतो म्हणून आम्ही ते एका दुकानात नेलं. दुकानदार म्हणाला, "यात रे ट्रेसिंगचं हार्डवेअर नाही, नवा गेम एकही चालणार नाही." रे ट्रेसिंग म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशोब करून गेममधल्या सावल्या आणि प्रतिबिंबं खरी वाटतील अशी दाखवायचं तंत्र. पटावं म्हणून त्याने इंडियाना जोन्सचा नवा गेम लावून दाखवला. सुरूच झाला नाही! मग त्याने पाच हजार धरून कार्ड घेतलं, वर तेरा हजार घेतले आणि 'आरटीएक्स ३०५०' दिलं.

त्याने दाखवलेलं खोटं नव्हतं, हीच त्याची हुशारी. तो गेम आणि 'डूम: द डार्क एजेस' रे ट्रेसिंगच्या हार्डवेअरशिवाय चालत नाहीत. पण बहुतेक गेममध्ये ते सेटिंगमधून बंद करता येतं. 'असॅसिन्स क्रीड शॅडोज'ची किमान अट तर जीटीएक्स १०७० आहे.

घरी सायबरपंक लावला. १०८०पी, हाय सेटिंग, रे ट्रेसिंग बंद. जुन्यावर सेकंदाला साठच्या आसपास मिळणारे फ्रेम नव्यावर चाळिशीत आले. रे ट्रेसिंग चालू केल्यावर तर माऊस हलवला की चित्र मागून रांगत यायचं. कमी रिझोल्यूशनचं चित्र एआयने मोठं करणारं डीएलएसएस लावून थोडं सावरलं, तेवढाच काय तो फायदा.

मग कार्डाची खरी माहिती दाखवणारं GPU-Z सॉफ्टवेअर उघडलं. `Shaders`, म्हणजे चित्राचं गणित करणारे भाग, यासमोर २३०४; `Bus Width`, म्हणजे मेमरीकडे जाणाऱ्या वाटेची रुंदी, यासमोर ९६ बिट. म्हणजे ३०५० ची ६ जीबीवाली आवृत्ती. ८ जीबीवालीत २५६० आणि १२८ बिट असतात. नाव एकच, माल वेगळा, आणि बिलावर नुसतं 'आरटीएक्स ३०५०'. जुन्या कार्डात ३५८४ आणि ३५२ बिट होते. पिढ्या वेगळ्या असल्याने शेडर्सचे आकडे थेट तोलता येत नाहीत, पण मेमरीचा वेग जुन्यात सेकंदाला ४८४ जीबी, नव्यात १६८. एवढी तफावत नवेपणाने भरून निघत नाही.

कहर म्हणजे ज्या गेमची भीती घातली, त्याची किमान अट आरटीएक्स २०६० सुपर, ८ जीबी अशी आहे. आम्हाला विकलेलं कार्ड तीही पूर्ण करत नाही!

परत गेलो तर "एक्स्चेंजचा माल परत नाही", आणि जुनं कार्ड तोवर विकलेलं. भंगार होतं ना, मग गिऱ्हाईक कुठून आलं?

असं कोणी सांगितलं तर तुम्ही खेळता त्या गेमच्या स्टीम पानावरची किमान अट आधी वाचा. जुन्या कार्डाची खरी अडचण वेगळी आहे: १०-मालिकेला ऑक्टोबर २०२५ नंतर नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर येत नाहीत, फक्त सुरक्षेचे येतात. बदलायचंच असेल तर बिलावर मेमरी आणि पूर्ण मॉडेल लिहून घ्या, आणि दुकानातच GPU-Z लावायला सांगा.