एकच १ मेगाओहम, की १०० किलोओहम आणि पुढे दहापट? फोटोडायोडचा फीडबॅक रेझिस्टर ठरवताना

फोटोडायोडचा करंट व्होल्टेजमध्ये बदलायचा तर ऑप-ॲम्पच्या फीडबॅकमध्ये एक रेझिस्टर लावायचा, एवढंच मूळ काम. हव्या त्या आउटपुट स्विंगला करंटने भागलं की रेझिस्टर मिळतो. गुंता पुढे आहे. तेवढाच स्विंग दोन वाटांनी मिळतो: सगळा गेन एका मोठ्या रेझिस्टरमध्ये घ्यायचा, किंवा लहान रेझिस्टर लावून मागे दहापटीचा दुसरा टप्पा जोडायचा. कुठली वाट कधी घ्यायची ते एका खऱ्या मांडणीवर पाहू.

ऑप-ॲम्प ५ व्होल्टच्या एकेरी सप्लायवर आहे, एडीसीचा रेफरन्स ४.०९६ व्होल्ट. डायोडचा कॅथोड इन्व्हर्टिंग पिनला, ॲनोड ग्राउंडला. म्हणजे प्रकाश वाढला की आउटपुट वर चढतं. अंधारात आउटपुट खालच्या रेलला चिकटून बसू नये म्हणून नॉन-इन्व्हर्टिंग पिनला ०.१ व्होल्ट दिलेत. वर थोडी जागा सोडून ४.० व्होल्टपर्यंत जायचं, म्हणजे हाती उरतो ३.९ व्होल्टचा स्विंग. डायोडवर आपल्या एलईडीचा उजेड पाडायचा, त्याचा सिग्नल जास्तीत जास्त ३ मायक्रोॲम्पिअर.

इथे मी एकदा फसलो. एलईडी बंद करून मल्टिमीटरने पाहिलं तर खोलीतल्या दिव्यांचा करंट ०.६ मायक्रोॲम्पिअर भरला. एकूण ३.६ धरले, भागाकार १.०८ मेगाओहम आला, आणि हिशेबात ४.०६ व्होल्टला बसतोय म्हणून १.१ मेगाओहम लावून टाकला. मोजमाप जोराच्या प्रकाशात थोडं कमीच यायचं आणि कारण काही सापडेना. शेवटी स्कोप लावला तेव्हा दिसलं की लाटांचे माथे एडीसीच्या रेफरन्सच्या वर जाताहेत. मेन्सवरच्या दिव्यांचा उजेड मेन्सच्या दुप्पट वारंवारतेने हलतो. मल्टिमीटरने सरासरी दाखवली होती, माथा होता ०.९ मायक्रोॲम्पिअरचा. त्या माथ्याला आउटपुट ४.३९ व्होल्टवर जाणार, आणि एडीसी ४.०९६ च्या वरचं सगळं एकच वाचणार. सरासरी घेतली की कापलेला भाग गुपचूप नाहीसा होतो. म्हणून हिशेब माथ्यावर करायचा:

```
Rf = 3.9 V / (3.0 + 0.9) uA = 1.0 Mohm
```

एक टक्क्याचा १ मेगाओहम घेतला तर वाईटात वाईट माथा ४.०४ व्होल्टला जातो. बसतं.

आता दोन वाटा शेजारी ठेवू. ऑप-ॲम्प १० मेगाहर्ट्झचा, सीमॉस इनपुटचा, ऑफसेट १ मिलिव्होल्टपर्यंत. डायोड, पिन आणि ट्रॅक मिळून इनपुटवर ८० पिकोफॅरड.

| | १ मेगाओहम, एकच टप्पा | १०० किलोओहम, मग ×१० |
|---|---|---|
| व्यवहारात गाठता येणारी बँडविड्थ | सुमारे ७० किलोहर्ट्झ | सुमारे ३०० किलोहर्ट्झ |
| त्यासाठी फीडबॅक कपॅसिटर | २.२ पिकोफॅरड | ४.७ पिकोफॅरड |
| आउटपुटवर ऑफसेट | १ मिलिव्होल्ट | २० मिलिव्होल्टपर्यंत |
| रेझिस्टरचा नॉइज, आउटपुटवर | १ पट | ३.२ पट |

शेवटची ओळ वाचून बहुतेक जण तिथेच निर्णय घेतात. घाई नको. रेझिस्टरचा नॉइज त्याच्या वर्गमुळाने वाढतो आणि सिग्नल सरळ प्रमाणात, म्हणून मोठा रेझिस्टर जिंकतो, हे खरं. पण करंटचा स्वतःचा शॉट नॉइजही असतो आणि तो रेझिस्टर बदलून हटत नाही. खोलीच्या तापमानाला फीडबॅक रेझिस्टरवर ५० मिलिव्होल्टहून जास्त व्होल्टेज पडलं की शॉट नॉइज रेझिस्टरच्या नॉइजपेक्षा मोठा होतो. आपल्याकडे दिव्यांचा सरासरी ०.६ मायक्रोॲम्पिअर कायम वाहतोय. १०० किलोओहमवर त्याचे ६० मिलिव्होल्ट होतात, म्हणजे लहान रेझिस्टरनेही ती रेषा जेमतेम ओलांडली. दोन्ही नॉइज धरून पाहिलं तर ३.२ पटीचा फरक १.३ पटीवर येतो. डायोड काळ्या डबीत बंद असेल आणि सिग्नल काही नॅनोॲम्पिअरचा असेल तर मात्र पूर्ण ३.२ पट मोजावे लागतात, आणि तिथे दुसऱ्या टप्प्याचा विचारही करू नये.

माझ्या मते जास्त त्रास ऑफसेटचा. एका टप्प्यात १ मिलिव्होल्ट म्हणजे १ नॅनोॲम्पिअरची चूक. दोन टप्प्यांत पहिल्याचा ऑफसेट दहापट होतो, दुसऱ्याचाही होतो, म्हणजे २० नॅनोॲम्पिअरपर्यंत. ही चूक एलईडी बंद-चालू करून वजा करता येते. तापमानाबरोबर ती सरकते म्हणून वजाबाकी वारंवार करावी लागते. आणि त्या ०.१ व्होल्टलाही विसरू नका. दुसऱ्या टप्प्याच्या गेन-रेझिस्टरचं टोक सवयीने ग्राउंडला जोडलं तर ०.१ चे १ व्होल्ट होतात, आणि माथा ४.९ व्होल्टला जाऊन पुन्हा कापला जातो. ते टोक बफर केलेल्या त्याच ०.१ व्होल्टला जोडायचं. एका टप्प्यात हा प्रश्नच येत नाही.

मग लहान रेझिस्टर कशासाठी? वेगासाठी. इनपुटवरचे ८० पिकोफॅरड आणि मोठा रेझिस्टर मिळून फीडबॅकला उशीर करतात, आणि कपॅसिटर न लावता सर्किट बहुधा ऑसिलेट होतं. १ मेगाओहमला हिशेबाने १.१ पिकोफॅरड पुरतात, पण ट्रॅकची उरलीसुरली कपॅसिटन्सच त्याच्या जवळपास असते, त्यामुळे मी सरळ २.२ लावतो आणि ७० किलोहर्ट्झवर समाधान मानतो. ऑसिलेशन मल्टिमीटरवर दिसत नाही. अंधारात ०.१ व्होल्टवर न येणारा, हात जवळ नेला की हलणारा आकडा दिसला तर संशय घ्यावा. एलईडीला चौकोनी पल्स देऊन स्कोपवर कडा पाहा. कडेनंतर झुलत असेल तर कपॅसिटर वाढवा.

तर सिग्नल ५ किलोहर्ट्झच्या बराच आत असेल तर १ मेगाओहम, समांतर ३३ पिकोफॅरड, एकच टप्पा. ४.८ किलोहर्ट्झची बँडविड्थ मिळते, झुलण्याची भीती राहत नाही, ऑफसेट लहान. १०० किलोहर्ट्झच्या पुढचे पल्स बघायचे असतील तर १०० किलोओहम आणि दहापट. मधल्या पट्ट्यात मी आधी वेगवान ऑप-ॲम्प घेऊन एक टप्पाच ठेवून बघतो. बँडविड्थ ऑप-ॲम्पच्या वेगाच्या वर्गमुळानेच वाढते, म्हणून दुप्पट हवी असेल तर चौपट वेगाचा घ्यावा लागतो.

तीन रेझिस्टरची टी-रचना करून १०० किलोओहमलाच १ मेगाओहमसारखं वागवायची तिसरी युक्ती आहे. सुटा भाग वाचतो, पण नॉइज १०० किलोओहमचाच, ऑफसेट तसाच दहापट, आणि वेगही हाती लागत नाही. १ मेगाओहमचा रेझिस्टर सहज मिळत असताना ती कशाला. शेकडो मेगाओहम लागत असतील आणि तेवढा रेझिस्टर हाताशी नसेल, तेव्हाच मी तिच्याकडे वळतो.