तुकड्यांचं फंक्शन, तुकड्यांचे स्थिरांक: सांधे जुळवावेत की सरळ खालची मर्यादा धरावी?

f(x) = |x² − 1| घ्या. −1 आणि 1 या दोन सांध्यांनी त्याचे तीन तुकडे पडतात. बाहेरच्या दोन्ही तुकड्यांचं संकलन x³/3 − x, मधल्याचं x − x³/3. बहुतेकजण इथे तिन्हींपुढे एकच C लिहून मोकळे होतात, आणि तिथेच घोळ होतो. −2 ते 2 ची किंमत काढली तर या उत्तरातून 4/3 येते. खरं क्षेत्रफळ 4 आहे.

पहिला मार्ग सांधे जुळवण्याचा. डावीकडून C₁, C₂, C₃ लिहा. x = −1 ला डावा तुकडा 2/3 + C₁ देतो, मधला −2/3 + C₂. दोन्ही सारखे हवेत, म्हणून C₂ = C₁ + 4/3. x = 1 ला तेच गणित पुन्हा, म्हणून C₃ = C₂ + 4/3 = C₁ + 8/3. पहिल्या आणि तिसऱ्या तुकड्याचं सूत्र एकच, तरी त्यांच्या स्थिरांकांत 8/3 चा फरक आहे. वर हरवलेले 8/3 ते हेच.

दुसरा मार्ग: F(x) = ∫₀ˣ |t² − 1| dt असंच लिहायचं. मधल्या तुकड्यात x − x³/3 मिळतं. 1 च्या पुढे गेलं की 0 ते 1 चे साठलेले 2/3 आधी धरायचे आणि 1 पासूनचं संकलन त्यात मिळवायचं. उत्तर x³/3 − x + 4/3. −1 च्या डावीकडे x³/3 − x − 4/3. स्थिरांक आपोआप बसतात, पण x < 0 असताना चिन्ह उलटतं आणि हात तिथेच चुकतो.

मग कोणता घ्यावा? F(0) = 5 अशी अट दिली असेल, किंवा सांधे पाच-सहा असतील, तर मी डोळे झाकून दुसरा घेईन: खालची मर्यादा 0 ठेवायची आणि शेवटी 5 मिळवायचे. अट नसेल आणि C सकट सर्वसाधारण उत्तर हवं असेल, तर दोन-तीन तुकड्यांसाठी पहिला सुटसुटीत. मात्र मोकळा C एकच उरायला हवा. दोन उरले तर एखादा सांधा जुळवायचा राहिला आहे.

एक मर्यादा दोन्ही मार्गांना आहे. f स्वतःच उडी मारत असेल, समजा 0 च्या आधी 1 आणि 0 पासून पुढे 2, तर F म्हणून x आणि 2x छान जुळतात, पण 0 ला कोपरा राहतो. F सलग असतं, तिथे F′ मात्र नसतं, त्यामुळे काटेकोरपणे ते f चं प्रतिअवकलज नव्हे. निश्चित संकलनाच्या कामाला ते तरीही चालतं. 1/x² साठी मात्र 0 पाशी काहीच जुळवू नका: −1/x दोन्ही बाजूंना अनंताकडे पळतं, आणि कुठलाही C ती फट बुजवू शकत नाही.